एका आकड्यात दोन गोष्टी: रणधुक्याचा हिशोब

1994 च्या 'वॉरक्राफ्ट'मध्ये नकाशा सुरुवातीला काळा असे. तुमचे सैनिक पुढे सरकले की तो उजळे, आणि एकदा उजळलेला भाग पुन्हा झाकला जात नसे. म्हणजे नकाशाच्या दर घरामागे प्रश्न एकच: इथे आपलं कुणी पोचलंय का? 1995 च्या 'वॉरक्राफ्ट 2'ने दुसरा प्रश्न जोडला: आत्ता इथे कुणाची नजर आहे का? नजर हटली की जमीन दिसत राहते, शत्रूच्या हालचाली मात्र दिसत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'वरून एकदाच 'हो' होतं. दुसरा अवघड आहे, कारण एकाच घरावर अनेकांची नजर असते. त्यातला एक निघून गेला तर घर झाकायचं का? बाकी कोण बघतंय ते कळल्याशिवाय सांगता येत नाही.

सरळ उपाय म्हणजे दर वेळी सगळं पुसून नव्याने मोजणं. समजा 128×128 चा नकाशा आहे, म्हणजे 16,384 घरं. सैनिक 200 आणि प्रत्येकाची नजर चार घरं, म्हणजे वर्तुळात 49. एक सैनिक एक पाऊल हलला तरी सगळी घरं पुसा आणि 9,800 खुणा पुन्हा करा!

आता 'स्ट्रॅटेगस' बघा. 1998 मध्ये सुरू झालेल्या 'फ्रीक्राफ्ट'चा हा वारसदार. त्याचा कोड खुला असल्यामुळे आपल्याला तो वाचता येतो. त्यात दर घरात प्रत्येक खेळाडूसाठी `Visible` नावाचा एक आकडा असतो. 0 म्हणजे कधीच न पाहिलेलं, 1 म्हणजे पूर्वी पाहिलेलं, आणि 2 किंवा जास्त म्हणजे आत्ता दिसणारं. कल्पना थोडक्यात अशी:

```
mark:   if (v == 0) v = 2; else v++;
unmark: v--;
```

एक धनुर्धारी आला, 0 चे 2 झाले. दुसरा आला, 3. पहिला गेला, 2. घर अजून उजळच. दुसरा मेला, 1. आकडा पुन्हा 0 होत नाही, म्हणून आठवण टिकते. आता हलणाऱ्या सैनिकाचीच घरं बदलायची: 49 कमी करा, 49 वाढवा.

अट एकच. वाढवलेली घरं आणि कमी केलेली घरं तंतोतंत तीच हवीत. समजा सैनिक उभा असतानाच त्याची नजर चारवरून पाच झाली आणि मग तो मेला. पाचच्या वर्तुळात 81 घरं येतात, म्हणजे न वाढवलेली 32 घरंही कमी होतील. मग तुमचा दुसरा सैनिक समोर बघत असूनही त्यातलं एखादं घर झाकलेलं दिसतं. म्हणून नजर बदलताना आधी जुन्या वर्तुळाने कमी करायचं, मग नव्याने वाढवायचं.

आणि अशी चूक शोधायची कशी? चाचणीच्या वेळी मघाच्या संथ पद्धतीने सगळं नव्याने मोजा आणि घरोघरचा आकडा ताडून बघा. ज्या घरात पहिला फरक दिसेल, तिथे त्या क्षणी काय घडलं ते तपासा.