थंड दुधाचा पेला, ठेचा आणि रात्रीचं जेवण: जळजळीच्या सल्ल्यांचा इतिहास

दिवाळीत नेरला गेले होते. काका अंगणात बाजेवर बसलेले. मी पोटातल्या रसायनांबद्दल काहीतरी शिकते एवढं त्यांना माहीत आहे, म्हणून त्यांनी थेट तक्रार मांडली. "ठेचा सोडला, चहा सोडला, रोज रात्री थंडं दूध पेतो, तरी छातीत जयजय होतेच. आता का जेवणच सोडू?"

(विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी: 'जयजय' म्हणजे जळजळ. आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो.)

काकांनी सोडलेल्या आणि धरलेल्या प्रत्येक गोष्टीमागे कुणाचा तरी सल्ला होता. मला प्रश्न पडला की हे सल्ले आले कुठून? आणि त्यातले तपासून पाहिलेले किती? शोधायला बसले तर हाती लागलेली गोष्ट रंजक निघाली, म्हणून ही पोस्ट.

आधी दूध. 'पित्त झालं की थंड दूध' हे आपल्याला आजीचं वाटतं, पण विसाव्या शतकात डॉक्टरांनीही त्याला मोठं बळ दिलं. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिपी या डॉक्टरांनी जठराच्या आणि आतड्याच्या व्रणांसाठी (अल्सरसाठी) एक आहार मांडला. सकाळी ७ ते संध्याकाळी ७, दर तासाला साधारण ९० मिली दूध आणि साय निम्मे-निम्मे, आणि मधल्या वेळात सोड्यासारखी क्षारांची पूड. तर्क सरळ होता: आम्लामुळे जखम भरत नाही, तर आम्ल दिवसभर मारत राहा. हा आहार जगभर पसरला आणि कितीतरी दशकं चालला. दूध आणि क्षार यांच्या अतिरेकाने काही रुग्णांच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो, हे १९२० च्या दशकातच दिसलं होतं. तरीही 'दूध म्हणजे पोटाला थंडावा' ही समजूत हलली नाही.

दुधाने बरं का वाटतं, ते आधी बघू. दूध जवळजवळ उदासीन असतं, त्यामुळे जठरातलं आम्ल ते लगेच सौम्य करतं. आराम खरा आहे, काकांचा भ्रम नाही. पण दुधात प्रथिनं आणि कॅल्शियम असतं. ही दोन्ही जठराला आणखी आम्ल तयार करण्याचा इशारा देतात. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी व्रणाच्या रुग्णांना आणि निरोगी लोकांना २४० मिली दूध देऊन आम्ल मोजलं. सायीचं, कमी सायीचं, बिनसायीचं, सगळ्या प्रकारच्या दुधाने आम्लाचं स्रवण वाढलं.

आता सिपींचं वेळापत्रक पुन्हा वाचा. ते दूध दर तासाला देत होते. पहिल्या पेल्याने वाढलेलं आम्ल दुसरा पेला आणि मधली पूड मारत होती. काका रात्री एकच पेला पितात आणि झोपतात. म्हणजे सिपींच्या आहारातला पहिला तास तेवढा त्यांच्या वाट्याला येतो आणि पुढचे अकरा गायब!

दिल्लीतल्या डॉक्टरांनी हा प्रश्न आपल्याकडच्या रुग्णांवरच तपासला. १९८६ मध्ये त्यांनी लहान आतड्याच्या सुरुवातीला व्रण असलेल्या रुग्णांचे दोन गट केले. सगळ्यांना आम्ल कमी करणारं एकच औषध दिलं, पण एका गटाला मुख्यतः दुधावर ठेवलं आणि दुसऱ्याला नेहमीचं जेवण दिलं. चार आठवड्यांनी नेहमीचं जेवण जेवणाऱ्यांपैकी साधारण तीन-चतुर्थांश लोकांचे व्रण भरले होते. दूधवाल्यांपैकी साधारण निम्म्यांचेच.

त्याच मंडळींनी १९८४ मध्ये मिरचीलाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. ५० रुग्ण, दोन गट. एका गटाला जेवणासोबत दिवसाला ३ ग्रॅम लाल तिखट, दुसऱ्याला तिखट नाही, औषध दोघांनाही. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत व्रण भरण्याचं प्रमाण जवळजवळ सारखंच. तिखटाने जखम अडवली नव्हती.

इथे एक सावधगिरी. हे दोन्ही अभ्यास व्रणाचे आहेत आणि काकांची तक्रार वेगळी आहे. आपण 'ॲसिडिटी' या एका शब्दात दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. व्रण ही जठराच्या किंवा आतड्याच्या आतल्या अस्तराची जखम. ती बहुतेकदा एका जीवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होते. छातीतली जळजळ म्हणजे आम्ल चुकीच्या ठिकाणी जाणं, जठरातून वर अन्ननलिकेत. अन्ननलिकेचा हा दाह म्हणजे स्वतंत्र आजार आहे असं न्यूयॉर्कच्या ॲशर विंकेलस्टीन यांनी मांडलं ते १९३५ मध्ये. तोवर व्रणाचे सल्ले ठरून गेले होते आणि मग तेच जळजळीलाही चिकटले. काकांचा थंड दुधाचा पेला हा असा दुसऱ्या आजाराचा उसना सल्ला आहे.

मग मिरचीचं काय? अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूचं एक कडं असतं, झडपेसारखं. आम्ल वर येतं ते बहुतेकदा हे कडं मध्येच काही सेकंद सैल पडल्यामुळे. मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सायसिन, आम्ल फारसं वाढवत नाही. ते उष्णता आणि दाह ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं. त्यामुळे आधीच दुखावलेल्या अन्ननलिकेला तेवढंच आम्ल जास्त झोंबतं. म्हणून ठेच्याने काहींना खरंच त्रास होतो आणि काहींना अजिबात होत नाही. सगळ्यांनी सोडावा असा नियम त्यातून निघत नाही.

मिरचीबद्दल इतिहासाची एक गंमत सांगते. आपल्याकडे या आजाराचं जुनं नाव अम्लपित्त. काश्यपसंहितेत आणि सातव्या-आठव्या शतकातल्या माधवनिदानात त्याचं वर्णन येतं: कडू-आंबट ढेकर, छातीत आणि घशात दाह, अन्नावरची वासना उडणं. वर्णन इतकं चपखल आहे की वाचताना काकाच आठवतात. पण कारणांच्या यादीत मिरची शोधू नका. मिरची पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात. म्हणजे 'मिरचीने पित्त होतं असं शास्त्रात सांगितलंय' हे वाक्य निदान त्या ग्रंथांच्या नावावर खपवता येत नाही. काश्यपसंहितेतल्या कारणांत मात्र एक गोष्ट आहे, जेवून लगेच दिवसा झोपणं. ती लक्षात ठेवा.

काकांना मी मग खाण्याच्या पदार्थांऐवजी वेळा विचारल्या. शेतीच्या पंपाला वीज रात्रीची असते, त्या आठवड्यात ओलित करून घरी यायला साडेदहा होतात. मग तीन भाकरी, वर कच्चं तेल घातलेलं पिठलं, आणि अकराला पाठ टेकलेली. दिवसभराची भूक, म्हणून जेवण एकदाच आणि पोटभर.

आता त्या कड्याकडे बघा. जठर तट्ट फुगलं की कडं सैल पडण्याचे प्रसंग वाढतात. तेलामुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागतो. उभं असताना आम्ल खाली राहतं, आडवं झाल्यावर ते कड्याच्या पातळीला येतं. शिवाय झोपेत आपण लाळ कमी गिळतो, म्हणून वर आलेलं आम्ल धुऊन निघत नाही. काकांच्या रात्रीत हे चारही एकत्र येतात, ठेचा असो वा नसो.

याला आकड्यांचाही आधार आहे. २००५ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात जळजळीचे रुग्ण आणि निरोगी लोक यांची तुलना केली. जेवण आणि झोप यांत ४ तास किंवा जास्त ठेवणाऱ्यांच्या मानाने ३ तासांपेक्षा कमी ठेवणाऱ्यांत आजाराची शक्यता सुमारे ७ पट निघाली. असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही, हे खरं. पण वरची यंत्रणा त्याच दिशेला बोट दाखवते.

२००६ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तोवरचे सगळे अभ्यास चाळून पाहिले की जळजळीच्या रुग्णाला दिले जाणारे कोणते सल्ले खरोखर उपयोगी ठरलेत. वजन जास्त असेल तर ते कमी करणं आणि झोपताना डोक्याकडची बाजू उंच करणं, या दोन गोष्टी टिकल्या. डाव्या कुशीवर झोपल्याने अन्ननलिकेत आम्ल कमी वेळ राहतं, हेही दिसलं. चॉकलेट, कॉफी, आंबट फळं, मसालेदार पदार्थ सोडल्याने आजार सुधारतो याचा पुरावा मात्र त्यांना सापडला नाही. पुरावा नाही याचा अर्थ कुणालाच फरक पडत नाही असा नव्हे. अर्थ एवढाच की सरसकट यादी देऊन माणसाचं ताट रिकामं करण्याला आधार नाही.

मग काकांसोबत आम्ही हे ठरवलं. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा, म्हणजे साधारण १५ सेंटीमीटर. उशा वाढवायच्या नाहीत, कारण उशीने मान वाकते आणि पोट उलट दाबलं जातं. ओलिताला निघण्याआधी सातला दोन भाकरी खाऊन जायचं, परतल्यावर भूक असेल तर थोडंसंच आणि तेल न घालता. दूध हवं तर संध्याकाळी, जेवणाचा भाग म्हणून. आणि ठेचा पुन्हा सुरू, पण पहिले दोन आठवडे नाही. एकाच वेळी सगळं बदललं तर गुण कशाने आला ते कळत नाही. म्हणून आधी वेळ आणि विटा, मग ठेचा. कॅलेंडरवर जळजळ झालेल्या रात्रीला फुली.

पहिल्या दोन आठवड्यांत तीन फुल्या पडल्या. त्याआधी रोजचंच होतं. त्यातल्या दोन फुल्या एका लग्नाच्या पंगतीच्या आणि तिच्या दुसऱ्या दिवशीच्या. ठेचा सुरू केल्यावर फुल्या वाढल्या नाहीत. चहा अजून तपासायचा आहे. हा एका माणसाचा अनुभव आहे, पुरावा म्हणून मी तो वापरणार नाही. पण स्वतःच्या पोटाला काय झोंबतं हे शोधायची रीत म्हणून तो कुणालाही वापरता येईल.

एक गोष्ट मात्र कॅलेंडरवर सोडायची नाही. घास अडकणं, विनाकारण वजन घटणं, काळी शौच, रक्ताची उलटी, यांतलं काहीही असेल तर दूध-विटांचे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. चालताना किंवा ओझं उचलताना छातीत येणारी जळजळ ही हृदयाची असू शकते. तिच्यासाठी तर थांबूच नका.

परवा फोन केला तेव्हा काका म्हणाले, "विटा ठेवल्यापासून तुही काकू म्हणते, बाज घसरते." दोन विटांच्या वर आणखी चढवू नका, एवढंच मी सांगितलं.