ज्याअर्थी... त्याअर्थी... आणि मधे अडकलेलं कलम ५-अ

मंडळी, 'ज्याअर्थी' हा शब्द तुम्ही बोलताना कधी वापरलाय? मी तरी नाही. पण जमीन संपादनाची कुठलीही जुनी मराठी नोटीस काढा, सुरुवात हमखास त्यानेच. इंग्रजी कायद्यातल्या 'व्हेअरॅज'चं हे मराठी रूप. १९६४ साली राजभाषा अधिनियम आला, कारभार मराठीत होऊ लागला, पण वाक्याचा सांगाडा साहेबाचाच राहिला.

नेहमीच्या साच्यात मीच बनवलेला हा नमुना बघा:

"ज्याअर्थी, शासनाला असे दिसून येते की, अनुसूचीत विनिर्दिष्ट केलेली जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी आवश्यक आहे किंवा आवश्यक होण्याचा संभव आहे, त्याअर्थी, आता, भूमिसंपादन अधिनियम, १८९४ च्या कलम ४(१) अन्वये याद्वारे तसे अधिसूचित करण्यात येत आहे, आणि ज्याअर्थी, उक्त जमीन तातडीने आवश्यक आहे, त्याअर्थी, कलम १७(४) अन्वये असा निदेश देण्यात येत आहे की, कलम ५-अ च्या तरतुदी उक्त जमिनीस लागू होणार नाहीत."

शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला सगळ्यात महत्त्वाचा तुकडा कुठला? अगदी शेवटचा. ५-अ म्हणजे ३० दिवसांत लेखी हरकत घेऊन कलेक्टरपुढे आपलं म्हणणं मांडायचा हक्क. मूळ १८९४ च्या कायद्यात तो नव्हताच, १९२३ च्या दुरुस्तीने आला. आपल्या इगतपुरीकडचं दारणा धरण १९१६ चं, म्हणजे हे कलम यायच्या आधीचं. गंगापूर धरण १९६५ मध्ये पुरं झालं तेव्हा ते कायद्यात होतं. आणि १७(४) हे ते कलम काढून घ्यायचं बटण! इतकी मोठी गोष्ट वाक्याच्या शेपटीत, तीही नुसत्या आकड्यांत.

आता हेच सोपं करून लिहू. आधी क्रियापदं शोधायची आणि प्रत्येकाला विचारायचं, हे कोण करतंय? 'निदेश देण्यात येत आहे' यात देणारा गायब आहे, त्याला परत आणायचं. मग प्रत्येक कामाला एक वाक्य:

"तुमच्या गावातली खाली दिलेली जमीन सरकारला रस्त्यासाठी लागेल असं वाटतं. जमीन घ्यायचं अजून नक्की झालेलं नाही. मात्र काम तातडीचं आहे असं सरकारने ठरवलं आहे. म्हणून ही जमीन घेऊ नका अशी हरकत ऐकण्यासाठी सरकार सुनावणी घेणार नाही. भरपाई मागायचा तुमचा हक्क कायम आहे. त्यासाठी वेगळी नोटीस येईल."

शब्द वाढले, चालेल. 'संभव आहे' हे मात्र मुद्दाम जपलंय. 'सरकार तुमची जमीन घेणार' असं लिहिलं तर वाक्य सुटसुटीत होतं, पण साफ चुकीचं. कलम ४ ही नुसती पहिली पायरी, जमीन घेत असल्याची घोषणा पुढे कलम ६ मध्ये. शिवाय ही एक ओळ वाचून कोणी घाबरून जमीन मातीमोल भावाने विकू शकतो.

दुसरा सापळा 'हितसंबंधित व्यक्ती'. शब्द जड आहे म्हणून तिथे 'मालक' टाकायचा मोह होतो. पण भरपाईत हिस्सा मागू शकणारा प्रत्येक जण कायद्याने त्यात येतो: कूळ, सातबाऱ्यावर नाव न लागलेली बहीण, सगळे. म्हणून 'या जमिनीत ज्यांचा हक्क किंवा हिस्सा आहे ते सगळे' असंच लिहावं लागतं. (प्रोग्रामिंगमध्ये अट छोटी करताना एखादी केस गळते ना, तस्संच.)

जमलं की नाही हे ओळखायचं कसं? 'समजलं का?' असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. वाचणाऱ्यालाच सांगायला लावायचं: कोणाची जमीन, आता काय करायचं, किती तारखेपर्यंत, कुठल्या ऑफिसात. '३० दिवसांच्या आत' यावर तो 'कधीपासून?' म्हणाला, तर तिथे कॅलेंडरमधली तारीखच हवी.

गंमत म्हणजे हे सगळं करायला जुन्या कायद्यातच जागा होती. पूर्ण अधिसूचना राजपत्रात, पण गावात लावायचा तो तिचा 'आशय'. म्हणजे मजकूर जसाच्या तसा डकवायची सक्ती नव्हती! राजस्थानच्या तशाच कायद्याखालच्या खूबचंद खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६६ साली सांगितलं की गावातली ही नोटीस बंधनकारक आहे. ती सोप्या भाषेत आहे का, हा प्रश्न तिथे नव्हता.

१ जानेवारी २०१४ पासून १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा लागू झाला. आता कलम ११ ची अधिसूचना पंचायतीत आणि तहसीलमध्ये स्थानिक भाषेत लावावी लागते, हरकतीला ६० दिवस मिळतात, आणि तातडीचं कलम बरंच आकसलंय. अधिसूचनेत सामाजिक परिणामांच्या अहवालाचा सारांशही द्यावा लागतो. तो सारांश एका वाक्यात कोंबू नये असं मात्र कायद्यात कुठे लिहिलेलं नाही.