मधली पायरी कोणाच्या सोयीची?

संतकवितेच्या इंग्रजी अनुवादाची चर्चा निघाली की एक मत जवळजवळ सिद्धांतासारखे पुढे केले जाते. ओवी किंवा अभंग आधी आजच्या सुबोध मराठी गद्यात उतरवावा आणि मग त्या गद्याचे इंग्रजी करावे, असे हे मत आहे. ते मांडणाऱ्यांमध्ये माझ्याहून अधिक वाचलेली माणसे आहेत आणि त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. मला त्यांची ही पद्धत मात्र मान्य नाही. का नाही, ते सांगतो. निवाडा वाचकांनी करावा.

आधी त्यांची बाजू तिच्या पूर्ण बळानिशी मांडली पाहिजे. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे इ. स. १२९०ची. तिची भाषा आज शिकलेल्या मराठी माणसालाही सरळ वाचता येत नाही. तुकारामांची भाषा जवळची वाटते, पण तिथेही कर्ता गाळलेला असतो, विभक्ती एखाद्या अनुस्वारावर उभी असते आणि क्रियापद कुठेही येते. असा मजकूर थेट इंग्रजीत नेताना दोन अडचणी एकाच वेळी सोडवाव्या लागतात, एक काळाची आणि दुसरी भाषेची. मग काळाचे अंतर मराठीतच का तोडू नये? शिवाय ज्याला ओवीचा अर्थ स्वच्छ गद्यात सांगता येत नाही त्याला ती कळलेलीच नाही. आणि सार्थ ग्रंथांची आपली परंपराही हेच करत आली आहे. विष्णुबुवा जोगांची सार्थ गाथा आणि सोनोपंत दांडेकरांची सार्थ ज्ञानेश्वरी घराघरांत आहेत. मग त्यांचा आधार का घेऊ नये?

ही बाजू दुबळी नाही, म्हणूनच तिला उत्तर द्यावे लागते.

पहिला मुद्दा काळाच्या अंतराचा. जुन्या मराठीत सर्वांत धोकादायक शब्द अनोळखी नसतात. ते ओळखीचे वाटणारे असतात. ‘राहणे’ म्हणजे थांबणे, ‘पुसणे’ म्हणजे विचारणे, ‘सांडणे’ म्हणजे टाकून देणे. ‘माजी’ म्हणजे आत किंवा मध्ये, त्याचा पदावरून गेलेल्या मंत्र्याशी काही संबंध नाही. आता गद्य करणारा जर इथे चुकला, तर काय होते? हे शब्द आजच्या मराठीतही असल्यामुळे तो ते जसेच्या तसे गद्यात ठेवतो. वाक्य व्याकरणशुद्ध असते, वाचायलाही गोड लागते आणि चूक दिसेनाशी होते. मूळ ओवीसमोर बसलेल्या अनुवादकाला आजूबाजूचे शब्द जुने दिसतात, म्हणून ओळखीच्या शब्दाचाही त्याला संशय येतो. तो कोश उघडतो. यादवकालीन मजकुरासाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा १९९९चा कोश आहे, तुकारामांसाठी मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती आजही मोठी मदत करते. गुळगुळीत गद्यासमोर बसलेला अनुवादक कोश उघडतच नाही. जी पायरी चूक टाळण्यासाठी सांगितली जाते, तीच चुकीवर पांघरूण घालते.

आणि गद्यकार चुकला नाही तरी? तो ‘सांडणे’च्या जागी ‘त्याग करणे’ लिहितो. अर्थ बरोबर आहे, पण हातातून काही खाली पडल्याची हालचाल गेली. ती इंग्रजीत नेता आली असती. इंग्रजी अनुवादकाला ती दिसलीच नाही.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा थांबतो. मधले गद्य मूळ कवितेपासून दूर जाते, एवढेच असते तर तो तोटा सोसता आला असता. ते इंग्रजीपासूनही दूर जाते. मराठी गद्य क्रियापद शेवटी ठेवते, ही त्याची शिस्त आहे. अभंगाला ती शिस्त नाही. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा अक्षरांचे तीन चरण येतात. दुसरा आणि तिसरा यमकाने जोडलेले असतात, आणि शेवटी चार अक्षरांचा आखूड चरण येतो. त्या चार अक्षरांत कवी काय ठेवतो, यावर पुष्कळदा सगळा अभंग तोललेला असतो. कधी तिथे देवाचे नाव येते, कधी नकार, कधी कर्ता. गद्यकार अन्वय लावून क्रियापद तिथे नेतो आणि मुद्द्याचा शब्द वाक्याच्या पोटात जातो. इंग्रजीत क्रियापद शेवटी ठेवण्याची सक्ती नाही, वजनाचा शब्द तिथे शेवटी सहज ठेवता येतो. म्हणजे जे मुळात होते आणि इंग्रजीत राहू शकले असते, ते मधल्या मुक्कामावर उतरवून ठेवले गेले. दोन्ही टोकांना न मागितलेला हा खर्च कशासाठी?

ज्ञानेश्वरीची पहिलीच ओवी घ्या. ती बहुतेकांना पाठ आहे, त्यामुळे इथे उतरवण्याची गरज नाही. तिच्यात मराठी क्रियापद एकही नाही. एक वंदन, एक जयजयकार आणि एकापाठोपाठ एक संबोधने, इतकीच तिची रचना आहे. पहिले तीन चरण एकाच ध्वनीवर संपतात. चौथा आखूड आहे, यमकाबाहेर आहे आणि तिथे श्वास थांबतो. गद्य करताना काय करावे लागते? ‘तुला माझा नमस्कार असो’ असे क्रियापद घालावे लागते. त्याबरोबर ‘मी’ हा कर्ता आला. मुळात तो नाही, बोलणाऱ्याचे नाव पुढच्या ओवीपर्यंत राखून ठेवले आहे. मग ‘वेदप्रतिपाद्या’ या संबोधनाचे ‘वेदांनी ज्याचे प्रतिपादन केले आहे असा तू’ हे उपवाक्य होते. इथे दोन गोष्टी घडल्या. हाक होती तिची माहिती झाली. आणि शेवटचा ‘य’ गेला. प्रतिपाद्य म्हणजे प्रतिपादनाचा विषय, प्रतिपादण्याजोगा. ते काम वेदांनी पुरे केले, असे तो शब्द म्हणत नाही. गद्याने मात्र भूतकाळ घालून ते पुरे करून टाकले. पुढे इंग्रजीत तो भूतकाळ अपरिहार्यपणे येतो. इंग्रजीला संबोधनांची माळ परकी नाही. योग्यता दाखवणारा प्रत्ययही तिच्याकडे आहे. मुळाकडून आलेल्या अनुवादकाच्या हातात ही दोन्ही साधने असतात. गद्याकडून आलेल्याला त्यांची गरज होती हेच कळत नाही.

ज्ञानदेवांच्या दृष्टांतमालांचे हेच होते. ‘कां’, ‘ना तरी’ करत ओवीमागून ओवी उपमा येत राहतात आणि त्या सगळ्या ज्यासाठी आल्या ते विधान बऱ्याच ओव्यांनंतर येते. श्रोता ताटकळत राहावा अशीच ती योजना आहे. गद्यात प्रत्येक ओवीचे स्वतंत्र वाक्य होते, प्रत्येकाला पूर्णविराम मिळतो आणि ताण सुटतो.

आता सार्थ ग्रंथांचा आधार. जोग महाराज आणि दांडेकर यांच्याविषयी मला आदर आहे, आणि त्याच आदरापोटी म्हणतो की त्यांचे ग्रंथ अनुवादकासाठी लिहिलेले नाहीत. ते वारकऱ्यांसाठी, कीर्तनकारांसाठी आणि पारायणासाठी लिहिलेले आहेत. तिथे मूळ वर छापलेले असते आणि अर्थ खाली. वाचकाची नजर दोन्हींवर असते. अर्थकर्ता गाळलेले कर्ते भरतो, सिद्धांत उलगडतो, ‘आपण’ म्हणजे मी, आपण सगळे की आत्मा, याचा निर्णय देतो. संप्रदायाच्या व्यासपीठावरून हे देणे त्याचे कामच आहे. पण मूळ काढून घेऊन फक्त खालचा मजकूर इंग्रजीत नेला, तर कवीचे शब्द कुठे संपले आणि अर्थकर्त्याचे कुठे सुरू झाले हे कोण सांगणार? इंग्रजी वाचक ते सगळे तुकोबांच्या नावावर जमा करतो. जिथे अभंग जाणूनबुजून दोन अर्थांनी बोलतो, तिथे त्याच्यापर्यंत एकच पोचतो, आणि निवड झाली होती याची खूणही उरत नाही. पाठाची शुद्धता हा आपल्या परंपरेला क्षुल्लक विषय कधीच वाटला नाही. एकनाथांनी शके १५०६मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, ती तिच्यात शिरलेले पाठभेद पाहूनच.

परंपरेचाच दाखला हवा असेल तर त्याहून मोठा आहे. ज्ञानदेवांसमोर गीतेचे सातशे श्लोक होते आणि ते मराठीत आणायचे होते. मराठी गद्य त्या काळी नव्हते का? होते. महानुभावांचे लीळाचरित्र त्याच काळातले आहे आणि त्याचे गद्य आजही थक्क करते. तरी ज्ञानदेवांनी गद्य घेतले नाही, सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या. ते भाष्य होते, अनुवाद नव्हे, असा आक्षेप येईल. मान्य. पण ज्याला नुसता अर्थच पोचवायचा होता त्या भाष्यकारानेही छंद सोडला नाही, हे आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूचे आहे की माझ्या?

राहिला तो ‘गद्यात सांगता आले तरच कळले’ हा मुद्दा. तो मी बऱ्याच अंशी मान्य करतो. गद्य ही समजेची परीक्षा आहे. पण परीक्षेची उत्तरपत्रिका हा मूळ ग्रंथ नव्हे. संस्कृत टीकाकारांनी हा भेद फार पूर्वी केला होता. पदच्छेद, पदांचे अर्थ, विग्रह आणि वाक्ययोजना ही कामे त्यांनी वेगळी ठेवली, आणि त्यांतले कोणतेही मूळ श्लोकाच्या जागी बसवले नाही. अन्वय प्रत्येक शब्दाचा हिशेब देतो. भावार्थ हिशेब मिटवतो. अनुवादकाला पहिल्याची गरज आहे. आपण त्याला दुसरा देतो.

जुनी मराठी जाणणारा एक आणि इंग्रजीत लिहिणारा दुसरा, अशी जोडी असेल तर गद्याशिवाय काम होणारच नाही, असेही सांगितले जाते. अशा जोडीसाठी मी सुचवतो ती रीत साधी आहे. कागदावर मूळ ओवी चरण तोडून लिहावी. प्रत्येक शब्दाखाली त्याचे रूप आणि अर्थ त्याच क्रमाने लिहावा, क्रम बदलू नये. जो शब्द मुळात नाही पण समजण्यासाठी घ्यावा लागतो, तो कंसात घालावा. जिथे दोन अर्थ लागतात तिथे दोन्ही लिहावेत आणि कोणता सांप्रदायिक आहे ते नोंदवावे. यमक कुठे, आखूड चरणात कोणता शब्द, हे समासात लिहावे. मग जाणणाऱ्याने ओवी मोठ्याने म्हणावी, दुसऱ्याने ती ऐकावी आणि त्या कागदावरून इंग्रजी करावे. सुबोध गद्य करायचेच असेल तर ते सर्वांत शेवटी करावे, इंग्रजी मसुदा तयार झाल्यावर. तो मसुदा त्या गद्याशी ताडून पाहावा. दोहोंत फरक निघाला तर परत ओवीकडे जावे, आणि पुष्कळदा तिथे गद्यच दुरुस्त करावे लागते.