ओला कातळ प्लास्टिकचा का दिसतो? केदारेश्वराची गुहा आणि चकाकीचा इतिहास

आजचा इतिहास लढायांचा नाही, चकाकीचा आहे. आणि त्याची सुरुवात माझ्या फजितीपासून होते.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, अकोले तालुक्यात हरिश्चंद्रगड आहे. गडावर केदारेश्वराची गुहा आहे. गुहेत गार पाणी, पाण्याच्या मधोमध मोठं शिवलिंग, आणि भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत. माझ्या आजीला ती गुहा बघायची होती, पण गुडघ्यांमुळे गड चढणं शक्य नव्हतं. म्हटलं, आपण ब्लेंडर शिकतोय, आजीला गुहाच मोबाईलवर आणून देऊ. फोटोंवरून मापं घेतली, दोन महिने खपलो, खांब उभे केले, पाणी भरलं. दगड ओला दिसावा म्हणून त्यावर मस्त चकाकी चढवली. आजीनं फोन हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि म्हणाली, "अरे, हे तर गणपतीच्या मखरासारखं दिसतंय."

आकार बरोबर होता, रंगही बरोबर होता. मग दगड कुठे हरवला? याचं उत्तर शोधताना मी एका जुन्या इतिहासात जाऊन पडलो, तोच आज सांगतो.

एक पांढरा ठिपका

१९७० च्या दशकात अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात बुई तुओंग फोंग नावाचा व्हिएतनामी तरुण पीएचडी करत होता. संगणकावरच्या वस्तू तेव्हा खडूनं रंगवल्यासारख्या निस्तेज दिसायच्या. फोंगनं चकाकीसाठी एक सोपं सूत्र दिलं: प्रकाश जिथून आरशासारखा उलटून डोळ्यात येईल तिथे उजळ ठिपका टाका, आणि एका आकड्यानं तो ठिपका लहान किंवा मोठा करा. त्याचा लेख १९७५ साली छापून आला. त्याच वर्षी, तिशीतच, ल्युकेमियानं त्याचं निधन झालं. पुढची कितीतरी वर्षं खेळांमधली आणि जाहिरातींमधली चकाकी याच सूत्रावर चालली.

पण एक गडबड होती. या पद्धतीनं केलेली बरीचशी वस्तू प्लास्टिकची वाटायची. १९८१-८२ मध्ये रॉबर्ट कुक आणि केनेथ टॉरन्स यांनी त्याचं कारण मांडलं. प्लास्टिकची लाल बादली आठवा. लाल रंग प्लास्टिकच्या आत मिसळलेला असतो, पण वरच्या पृष्ठभागावरची चमक दिव्याच्याच रंगाची, म्हणजे पांढरी असते. "आत रंग, वर पांढरा ठिपका" हे वर्णनच मुळात प्लास्टिकचं आहे! धातूचं तसं नसतं. प्रकाश धातूच्या आत शिरून रंग घेऊन परत येत नाही. धातूची चमक हाच त्याचा रंग. म्हणून तांब्याच्या लोट्यावरची चमक तांबूस असते.

नगरची तोफ आणि घरचं ताट

आता आपल्या मातीतलं उदाहरण घेऊ. मुलुखमैदान तोफ आज विजापूरच्या बुरुजावर आहे, पण ती १५४९ साली ओतली गेली आपल्या नगरमध्ये, मुहम्मद बिन हसन रूमी या कारागिराच्या हातून. तांबं आणि कथील यांची मिश्रधातू, वजन सुमारे ५५ टन. अशी जुनी तोफ स्क्रीनवर आणायची तर "धातू आहे ना, मग सगळीकडे धातू" असं म्हणून चालत नाही. साडेचारशे वर्षांत अशा पृष्ठभागावर काळपट-हिरवट थर चढतो, आणि तो थर धातू नसतो. त्याची चमक पांढरट आणि मंद असते. जिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे हात घासले जातात तिथे थर झिजतो, खालचा धातू उघडा पडतो आणि चमकेला पुन्हा पिवळसर-तांबूस छटा येते. म्हणजे प्रत्येक जागी एकच प्रश्न विचारायचा: इथे वर काय आहे, धातू की धातूवरचा थर? दोन्हींच्या मधलं काहीतरी सगळीकडे फासलं, की खोटी, रंग मारलेली तोफ तयार होते.

दुसरा प्रश्न खरखरीतपणाचा. टॉरन्सनंच १९६७ साली स्पॅरो नावाच्या सहकाऱ्यासोबत मांडलं होतं की कुठलाही पृष्ठभाग म्हणजे अतिसूक्ष्म आरशांचा समूह. सगळे आरसे एकाच दिशेला असले की पृष्ठभाग लख्ख, आणि ते वेडेवाकडे असले की चमक पसरते, मंद होते. स्टीलचं ताट उजेडात धरा. मध्यापासून कडेकडे पंख्यासारखे दोन पट्टे दिसतील, आणि ताट फिरवलं तरी पट्टे जागच्या जागी राहतील. ताटावर गोल गोल घासल्याच्या बारीक रेषा असतात, त्यामुळे चमक रेषांना आडवी पसरते आणि रेषांच्या दिशेनं जवळजवळ पसरतच नाही. १९९२ मध्ये ग्रेग वॉर्ड यांनी अशा पृष्ठभागांसाठी दोन दिशांना दोन वेगळे खरखरीतपणाचे आकडे वापरले. ब्रश केलेलं स्टील रंगानं ओळखू येत नाही, ते या पट्ट्यानं ओळखू येतं.

जुन्या कातड्याचंही तेच. वापरलेली कोल्हापुरी चप्पल बघा. टाच आणि अंगठा जिथे दाबला जातो तिथे कातडं काळं, गुळगुळीत आणि चमकदार होतं. पायाच्या कमानीखाली ते कोरडं आणि खरखरीतच राहतं. आपण मात्र "जुनं" दाखवायला सगळीकडे सारखेच ओरखडे टाकतो. झीज अशी समान नसते, ती शरीर जिथे टेकतं तिथेच होते.

ओलं म्हणजे नक्की काय?

आता माझ्या गुहेकडे येऊ. मी फक्त चकाकी वाढवली होती. पण फरशीवर पाणी सांडलं की तिच्यात दोन बदल होतात: ती चमकते आणि ती काळपटते. काळपटते का?

याचं एक उत्तर स्वीडनच्या अँडर्स ऑंगस्ट्रॉम या हवामानशास्त्रज्ञानं १९२५ मध्येच दिलं होतं. दगडावर पाण्याचा पातळ थर आहे असं समजा. प्रकाश थरातून आत जातो, दगडावर आपटतो आणि चहूकडे विखुरतो. आता त्याला पाण्यातून बाहेर पडायचं आहे. पण जो प्रकाश फार तिरपा, म्हणजे उभ्या रेषेपासून सुमारे ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला असतो, तो पाण्याच्या वरच्या पृष्ठभागावरून आतच परत फिरतो. विखुरलेल्या प्रकाशापैकी जवळजवळ निम्म्याची अशी घरवापसी होते. तो पुन्हा दगडावर आपटतो आणि दगडाला तो गिळायची आणखी एक संधी मिळते.

त्याच हिशोबानं, सुका काळा कातळ २० टक्के प्रकाश परत पाठवत असेल तर ओला झाल्यावर साधारण १२ टक्केच पाठवतो. पण ८० टक्के परत पाठवणारी पांढरी भिंत ओली झाली तरी ६९ टक्क्यांच्या आसपासच राहते, कारण ती दर आपटीला थोडंच गिळते. म्हणून "ओलं म्हणजे इतकं काळं" असा एकच आकडा सगळ्याला लावता येत नाही.

दुसरं कारण समजायला बाथरूमची दुधी काच बघा. तिच्या खरखरीत बाजूला पाण्याचं बोट लावा, तेवढ्या जागेतून आरपार दिसेल. काच दुधी दिसते ती खड्ड्यांमध्ये हवा असल्यामुळे. पाणी हवेपेक्षा काचेच्या जास्त जवळचं, त्यामुळे खड्डे भरले की प्रकाश कमी विखुरतो. दगडातल्या बारीक छिद्रांतही हेच होतं. पाणी भरलं की प्रकाश लवकर मागे न फिरता आत खोल जातो आणि तिथेच संपतो. म्हणूनच वर पाण्याचा थर नसला तरी नुसती ओल चढलेला दगड काळा दिसतो, पण चमकत नाही. दुधी काचेतून प्रकाश कसा जातो याचं खात्रीचं गणित २००७ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रूस वॉल्टर आणि सहकाऱ्यांनी दिलं, आणि २०१२ मध्ये डिस्नीच्या ब्रेंट बर्ली यांनी अशा सगळ्या गणिताला चित्रकाराला कळतील अशा मोजक्या आकड्यांत बसवलं. ब्लेंडरमध्ये आपण सरकवतो ती बटणं त्याच घराण्यातली.

खांब पुन्हा रंगवला

मग मी एक खांब घेतला आणि त्याचे पाण्यापासून वर तीन पट्टे केले. अगदी खाली पाण्याचा थर, त्यावर नुसती ओल, आणि वर सुका कातळ. आकडे असे:

```
सुका     Base Color 0.20  Roughness 0.9
ओलसर    Base Color 0.12  Roughness 0.8
थर       Base Color 0.12  Roughness 0.9
         Coat Weight 1.0  Coat Roughness 0.05  Coat IOR 1.33
तिन्ही    Metallic 0
```

थराच्या ओळीत दगडाचा खरखरीतपणा मी तसाच ठेवलाय, कारण दगड गुळगुळीत झालेला नाही; त्याच्यावर गुळगुळीत पाणी बसलंय. पट्ट्यांच्या सीमा सरळ रेषेत कापल्या नाहीत, कारण ओल भेगांमधून वर चढते आणि उंचवटे आधी सुकतात.

तरीही दगड ओला दिसेना! चूक प्रकाशात होती. समोरून बघितलं तर पाणी जेमतेम २ टक्के प्रकाश परावर्तित करतं. अगदी तिरपं बघितलं तरच ते जवळजवळ आरसा होतं. फ्रेनेलनं हे १८२० च्या दशकातच सांगून ठेवलंय. मी मात्र चहूबाजूंनी सारखाच उजेड ठेवला होता, त्यामुळे पाण्याला दाखवायला काही नव्हतंच. मग सगळे दिवे काढले, फक्त गुहेच्या तोंडाकडून उजेड सोडला आणि कॅमेरा त्या तोंडाच्या दिशेनं वळवला. खांबाच्या कडेवर आणि पायाशी उजेडाचे लांबट तुकडे उमटले, बाकी दगड काळाच राहिला.

तुमचं काम तपासायची एक साधी खूण सांगतो. चकाकी बंद करून बघा: दगड तरीही ओलसर वाटला पाहिजे. मग चकाकी चालू करून रंग सुक्याचा ठेवा: दगड वार्निश मारल्यासारखा दिसेल. माझी पहिली गुहा म्हणजे हे दुसरं चित्र होतं. एक मर्यादाही आहे. शेवाळ, चुन्याचे डाग, शतकानुशतकांची हात लागून झालेली झीज, यातलं काहीच या आकड्यांत येत नाही. ते जागेवर जाऊन, डोळ्यांनीच टिपावं लागतं.

दिवाळीत आजीला नवी गुहा दाखवली. यावेळी ती काही बोललीच नाही. बराच वेळ फोन फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "जाताना जपून जात जा रे, निसरडं दिसतंय."

आजचा भाग इथेच थांबवतो. घरातलं स्टीलचं ताट उजेडात धरून बघा, आणि पंखा दिसला की मला नक्की सांगा. भेटू पुढच्या भागात!