क्रॉनला वार कळतो, सण नाही

क्रॉनमध्ये `0 9 * * 1-5` लिहिलं की सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ वाजता काम सुरू होतं, मग त्या दिवशी दिवाळी का असेना. म्हणून सुट्ट्यांच्या तारखांची एक फाइल ठेवतात, ओळीला एक तारीख, आणि स्क्रिप्टच्या सुरुवातीला हे घालतात:

```
grep -qx "$(TZ=Asia/Kolkata date +%F)" /opt/pune.txt && exit 0
```

आजची तारीख फाइलमध्ये सापडली की स्क्रिप्ट तिथेच थांबते.

खरी मेख त्या फाइलमध्येच आहे. २०२५ मध्ये ईद-ए-मिलादची सुट्टी शुक्रवारी, ५ सप्टेंबरला होती. दुसऱ्याच दिवशी अनंत चतुर्दशी, म्हणून राज्य सरकारने ती ऐनवेळी सोमवारी, ८ सप्टेंबरला नेली. पण फक्त मुंबई शहर आणि उपनगर जिल्ह्यांसाठी. पुण्यात ती ५ तारखेलाच राहिली. समजा, पुण्याच्या ऑफिसने मुंबई शाखेची सुधारलेली फाइल उचलली. मग ५ तारखेला बंद ऑफिसातून ग्राहकांना हप्त्याचे मेसेज जाणार आणि ८ तारखेला, भर कामाच्या दिवशी, एकही जाणार नाही. दोन्ही वेळा एरर मात्र दिसत नाही.

नव्या वर्षाच्या तारखा भरायच्या राहिल्या तरी हीच गत: काम प्रत्येक सुट्टीला गुपचूप चालत राहतं. त्यामुळे चालू वर्षाची एकही तारीख फाइलमध्ये नसेल तर स्क्रिप्टने ओरडावं, अशी सोय करून ठेवलेली बरी.