नऊ डब्यांची गाडी

आमच्या धर्मग्रामातील लग्नघरी हळदीच्या रात्री जी गाणी म्हटली जातात, त्यांत एक गाणे इतरांहून वेगळे आहे. त्यात ना वधू आहे, ना वर, ना विहिणीची थट्टा. त्यात आहे ती विरारची लोकल. चाल मात्र जुन्या लग्नगीताचीच. त्यामुळे घाना दळण्याच्या गाण्यांमागोमाग ते सहज येऊन जाते आणि पाहुण्यांना त्यात वावगे काही वाटत नाही. ते कोणी रचले हे कोणालाच ठाऊक नाही. दहा वर्षांपूर्वी धर्मग्रामाच्या स्मरणिकेसाठी मी ते उतरवून घेतले, तेव्हा संपादक मंडळातील एका तरुणाने विचारले, “फादर, गाणे किती जुने?” मला उत्तर देता आले नाही. त्या उत्तराच्या शोधात जे हाती लागले, ते इथे मांडतो. त्या शोधात माझीच एक चूकही उघडी पडली. तीही सांगितली पाहिजे.

लोकगीताला जन्मतारीख नसते. पण त्यात आलेल्या वस्तू आपापली साक्ष देतात. गाण्याचे ध्रुपद असे आहे:

नऊ डब्यांची गाडी गो बाय, नऊ डब्यांची गाडी,
दारात उभा परका भाऊ, हात धरून ओढी.

या दोन ओळींतच पहिला पुरावा आहे. आपल्या मार्गावर पहिली उपनगरी गाडी 12 एप्रिल 1867 रोजी सुरू झाली. विरारहून सकाळी पावणेसातला निघायची आणि सायंकाळी साडेपाचला मुंबईहून परतायची. दिवसाकाठी एकच. ती वाफेची होती. कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी 1928 साली धावू लागली आणि ती वीज आपल्या विरारपर्यंत यायला 1936 साल उजाडले. आरंभीच्या विजेच्या गाड्या चार आणि आठ डब्यांच्या होत्या. आठाचे नऊ झाले ते साठच्या दशकात आणि ऐंशीच्या दशकात बारा डब्यांच्या गाड्या आल्या. म्हणजे ‘नऊ डबे’ म्हणणारी बाई साठच्या दशकाआधीची असू शकत नाही.

दुसरा पुरावा पासाचा. गाण्यातली बाई ‘थर्डचा पास’ पदराच्या गाठीला बांधते. भारतीय रेल्वेने तिसरा वर्ग हे नाव 1974 साली रद्द केले. त्यावरून गाणे त्याआधीचे, असा निष्कर्ष मी घाईने काढला. पण मग चण्यांचे कडवे आड आले. तिथे ‘एका आण्याचे चणे’ आहेत. दशमान नाणी तर 1957 सालीच आली. आणा खरा मानावा तर नऊ डबे खोटे ठरतात. हा पेच माझ्या आईने सोडवला. ती हसून म्हणाली, “अरे, आम्ही तुझ्या लहानपणीही चार आणे, आठ आणे असेच म्हणत होतो.” तिचे खरे होते. नाणे बदलले तरी जीभ लगेच बदलत नाही. मग हाच न्याय ‘थर्ड’ या शब्दालाही लावावा लागतो, कारण तिसरा वर्ग गेल्यावरही लोक बरीच वर्षे थर्डच म्हणत असत. सरकारी कागद जे बदलतो ते लोकांच्या तोंडून उशिरा जाते. पण जे अजून आलेच नाही त्याचे नाव कोणी आधी घेत नाही. म्हणून नऊ डब्यांची साक्ष आण्याच्या साक्षीपेक्षा भारी. गाण्याचा मूळ गाभा साठच्या दशकाचा उत्तरार्ध किंवा त्यानंतरची काही वर्षे यांतला असावा, येथवर मी येऊन थांबलो.

शेवटचे कडवे मात्र निराळ्या काळाचे आहे. त्यात ‘बायांची गाडी’ येते, संपूर्ण गाडी बायकांची. 5 मे 1992 रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली अशी महिला विशेष गाडी सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्या सुमारास मी गोरेगावच्या सेमिनरीत होतो. सुटीत घरी आलो की बहिणींच्या तोंडी त्या गाडीच्या गोष्टी असत. हे कडवे जोडणारी भाजीवाली नसून नोकरी करणारी मुलगी असावी असे मला वाटते, कारण त्यात पाटी नाही, पर्स आहे.

मूळ गाण्यातली बाई मात्र भाजी-फुले विकणारी आहे. तिची जागा लगेजच्या डब्यात. या डब्याचे वर्णन गाण्यात चांगले रमले आहे, आणि ते वासांनी केलेले आहे. पहाटेच्या काळोखात दिसणार तरी काय? आधी तिच्याच पाटीतला सोनचाफा आणि ओल्या गोणपाटाखालची भाजी. मग नायगावला कोळणी चढतात आणि चाफा हरतो. (ही ओळ आली की लग्नमंडपात हशा पिकतो. मंडपातल्या कोळी पाहुण्याही हसतात.) खाडीच्या पुलावर वारा खारट होतो, भाईंदरला मिठागरे. पुढे गर्दी वाढते तसा घाम, खोबरेल तेल, कोणाच्या डब्यातले सुकट. आणि पार्ल्याला बिस्किटांचा वास.

पार्ल्याचे हे कडवे आज लहान मुलांना समजावून सांगावे लागते. तिथल्या पार्ले कारखान्यात 1939 पासून बिस्किटे भाजली जात आणि गाडी स्टेशनात शिरताना तो गोड, भाजका वास डब्यात शिरे. डोळे मिटून बसलेल्या माणसालाही पार्ले आल्याचे कळे. 2016 साली तेथील उत्पादन थांबले. माझ्या पिढीच्या प्रवाशांना तो वास अजून आठवतो. गाण्यातली बाई तो वास आला की पाटी आवरायला घेते, कारण दादर जवळ आले. तिच्याकडे घड्याळ नव्हते.

माणुसकीची कडवी तीन आहेत, आणि तिन्ही अगदी साधी. एकात बसलेल्या बाया सरकून सरकून चौथीला जागा करतात. तीन जणींच्या बाकावर चौथी, अर्धी आत आणि अर्धी बाहेर. या चौथ्या सीटचा हक्क कुठल्याही नियमात लिहिलेला नाही, तरी तो नाकारणाऱ्या बाईला सारा डबा बोल लावतो. दुसऱ्यात पाटी डोक्यावरून उतरवायला अनोळखी हात पुढे येतात. भरलेली पाटी एकटीला उतरवता येत नाही. मान आखडलेली असते, खाली पाहता येत नाही. तिसरे कडवे म्हणजे ध्रुपदाचाच विस्तार. गाडी सुटली आहे, बाई धावते आहे, आणि दारातला ‘परका भाऊ’ हात देतो. त्याचे नाव, गाव, धर्म गाणे विचारत नाही. तीही विचारत नाही.

स्मरणिकेत मी एवढे सारे छापले. चर्चच्या सभागृहात मुलींनी ते गायिले, टाळ्याही पडल्या. पुढच्या आठवड्यात आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर द्यायला गेलो असता एका घरी ऐंशी ओलांडलेल्या आजींनी मला पाट दिला आणि विचारले, “फादर, गाण्यातले एक कडवे कुठे गेले?”

मला ते कडवे माहीत होते. उतरवून घेताना एका बाईने ते सांगितले होते आणि मी ते गाळले होते. दारात लटकणारा एक माणूस रुळांकडेच्या खांबाला लागून पडतो, असे ते कडवे. ज्युबिलीच्या पुस्तकात, आनंदाच्या प्रसंगी, हे कशाला, असा माझा विचार. मी तसे आजींना सांगितले.

त्या म्हणाल्या, “तो माझा दीर होता.”

मग त्यांनी कडवे म्हणून दाखवले. मी ऐकले होते त्यापेक्षा ते दोन ओळींनी मोठे होते. पावसाळ्याचे दिवस, गाडी उशिरा आलेली, दोन गाड्यांची माणसे एका गाडीत. त्या मोठ्या झालेल्या भागात अपघात नव्हताच. रोज त्याच्याबरोबर दारात उभे राहणारे चौघे संध्याकाळी त्याची छत्री आणि जेवणाचा डबा घेऊन घरी आले, एवढेच होते. डबा उघडलेला नव्हता. आजी म्हणाल्या की त्या चौघांपैकी एकाचेही नाव घरात कोणाला ठाऊक नव्हते. दिराच्या तोंडी ते नेहमी ‘आमचे गाडीवाले’ असत. त्यांतला एक जण पुढे कित्येक वर्षे नाताळात घरी येऊन जात असे.

त्या रात्री मी गाण्याचा कागद पुन्हा काढला. नऊ डब्यांच्या गाडीची क्षमता बसलेले आणि उभे मिळून अठराशेच्या आसपास धरलेली असे आणि गर्दीच्या वेळी तीत साडेचार हजारांवर माणसे असत. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसे उभी. इतकी माणसे आत मावत नाहीत, म्हणून ती दारात येतात. आणि दार उघडे असते, म्हणूनच ती येऊ शकतात. ज्या दारातून परका भाऊ हात देतो, त्याच दारातून आजींचा दीर पडला. पहिले कडवे ठेवून दुसरे गाळताना मी दाराचा अर्धाच भाग छापला होता.

25 डिसेंबर 2017 रोजी, ऐन नाताळच्या दिवशी, पश्चिम रेल्वेवर पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारे आपोआप बंद होतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्यांच्या दारांत लटकणारी माणसे एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यांतली काही मरण पावली, त्यानंतर नव्या लोकल गाड्यांना मिटणारी दारेच बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. ती लवकर बसोत. मिटलेल्या दारातून धावत्या बाईला कोणी हात देणार नाही, हेही खरे; पण तिला तसे धावावे लागू नये एवढ्या गाड्याही हव्यात.

गेल्या वैशाखात एका लग्नात हे गाणे पुन्हा ऐकले. आजी आता नाहीत. त्यांच्या नातीने ते म्हटले, मधले कडवेही न गाळता. ते सुरू झाले तेव्हा हळद लावणाऱ्या बायकांचे हात क्षणभर थांबले, मग कोणीतरी हळूच ध्रुपद उचलले. नातीने ‘थर्डचा पास’ म्हटले, आणि शेजारच्या लहान मुलीने तिला विचारले, “थर्ड म्हणजे काय गं?”