तळटीप : प्रबंधाचा प्रश्न आणि ‘पिको’ चौकट

‘पिको’ ही चौकट संशोधन-प्रश्नाचे रुग्णगट, उपचार, तुलना आणि निष्पत्ती असे चार घटक पाडते. ‘गरोदरपणातील रक्तक्षयात शिरेतून दिलेले लोह उपयोगी पडते का?’ हा प्रश्न प्रबंधाला पुरत नाही, कारण त्यात रुग्ण कोण, तुलना कशाशी आणि उपयोग कशावरून ठरवायचा, हे कुठेच येत नाही. तोच प्रश्न असा बांधता येतो : २० ते २८ आठवड्यांच्या गरोदर, हिमोग्लोबिन ७ ते ९.९ ग्रॅम प्रति डेसीलिटर आणि फेरिटिन कमी असलेल्या स्त्रियांमध्ये, शिरेतून दिलेल्या आयर्न सुक्रोजने तोंडाने घ्यायच्या फेरस सल्फेटच्या गोळ्यांपेक्षा चार आठवड्यांनंतर हिमोग्लोबिन अधिक वाढते का? फेरिटिनची, म्हणजे शरीरातील लोहसाठा दाखवणाऱ्या प्रथिनाची, अट काढून टाकली, तर थॅलसेमियाच्या वाहक स्त्रियाही गटात येतात आणि त्यांच्यातील रक्तक्षय लोहाने भरून येत नसल्याने दोन्ही उपचार आहेत त्याहून दुबळे दिसतात. तुलनेचा घटक अनेकदा दुर्लक्षिला जातो. मळमळीमुळे किती गोळ्या चुकल्या याची मोजणी न ठेवल्यास, दिसलेला फरक औषधाचा की न घेतलेल्या गोळ्यांचा, हे सांगता येत नाही. मुख्य निष्पत्ती एकच असावी आणि ती मोजण्याचा दिवस आधी ठरलेला असावा, कारण आवश्यक रुग्णसंख्येचे गणित तिच्यातील अपेक्षित फरकावर बेतलेले असते. ते गणित मांडताना अडखळावे लागले, तर बहुधा प्रश्नच अपुरा असतो.